लिव्हरच्या वाटेवर दात लागतात

सकाळी सहाला वाईच्या गणपती घाटावर या. कृष्णेवर धुकं असतं, ढोल्या गणपतीचं दार नुकतं उघडलेलं असतं आणि पायऱ्यांवर आठदहा जण मांडीशी स्टीलचे फ्लास्क घेऊन बसलेले असतात. पूर्वी इथं लोक पापं धुवायला यायचे. आता पापांचं कुणाला फारसं काही वाटत नाही, आता टॉक्सिन्स धुवायची असतात. फ्लास्कात कोमट पाणी, त्यात अर्धं लिंबू पिळलेलं. हौशी असेल तर चमचाभर मध. लेक पुण्यात आयटीत असेल तर वरून चिमूटभर हळद, तीही घरची नाही, पाकिटातली, ऑनलाइन मागवलेली. हळदीच्या गावात हळद कुरिअरने येते, तिथं लिंबाची काय कथा!

ज्या गावात मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे, जिथं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी एकेक नोंद तपासून घेतली, त्या गावात शरीरशास्त्र मात्र व्हॉट्सअॅपवरून येतं. पहाटे चार पन्नासला येतं, सोबत गुलाबाचं फूल असतं.

मी एकदा विचारलं, "टॉक्सिन म्हणजे नेमकं काय हो?" सगळ्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी आरतीच्या मध्येच सुट्टे मागितलेत. एक जण म्हणाले, "आवो, साठलेली घाण." कुठली घाण? पारा, शिसं, की काल रात्रीची मिसळ? उत्तर आलं, "सगळीच."

यात घाटावरच्या मंडळींना हसण्यात अर्थ नाही. 2009 मध्ये इंग्लंडात 'सेन्स अबाउट सायन्स' या संस्थेच्या तरुण शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न थेट डिटॉक्सचा माल विकणाऱ्यांना विचारला होता. पंधरा उत्पादनं घेतली, कंपन्यांना गाठलं आणि विचारलं, की तुमचं हे नेमकं कुठलं विष काढतं? धड उत्तर एकाकडंही नव्हतं. डिटॉक्स म्हणजे काय, याची व्याख्यासुद्धा दोन कंपन्यांची एकसारखी निघाली नाही. तेव्हा 'सगळीच' हे आपल्या घाटावरचं उत्तर त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणायचं.

खरं विष काढायचं काम शरीरात रोज चालूच असतं. प्रथिनं पचताना जो अमोनिया तयार होतो, त्याचा लिव्हर युरिया करतं. दारू असो, गोळी असो, तिची मोडतोड करून ती बाहेर टाकता येईल अशी करतं. किडन्या दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीडदोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेतात. या दोघांना लिंबाची वाट बघावी लागत नाही. आणि ज्या दिवशी किडन्या खरोखर काम टाकतात, त्या दिवशी लिंबू नाही, डायलिसिस लागतं.

मग हे सकाळचं लिंबूपाणी आलं कुठून? आपल्याकडं पहाटे पाणी प्यायची पद्धत जुनी, त्याला उषःपान म्हणतात. पण ते नुसत्या पाण्याचं. त्यात लिंबू पिळून 'डिटॉक्स'चं लेबल लावायची कला अमेरिकेतली. स्टॅन्ली बरोज नावाचे एक गृहस्थ होते. लिंबाचा रस, मेपलचं सिरप, लाल तिखट आणि पाणी, निदान दहा दिवस दुसरं काही खायचं नाही, असा त्यांचा 'मास्टर क्लेन्झ'. 1976 मध्ये त्याचं पुस्तक आलं. पुढं 2006 मध्ये बियॉन्से या गायिकेनं सिनेमासाठी वजन उतरवायला तो केला आणि जगभर बोभाटा झाला. मधली गोष्ट मात्र फॉरवर्डमध्ये येत नाही. ल्युकेमिया झालेल्या एका तरुणाला बरोजसाहेबांनी हेच लिंबाचं पेय, रंगीत दिवे आणि मालिश अशी उपचारपद्धती दिली. तो वाचला नाही. खटला चालला, आणि 1984 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं खुनाचा ठपका काढून टाकला, पण विनापरवाना वैद्यकी केल्याची शिक्षा कायम ठेवली. लिंबूपाण्याचे हे कुलगुरू.

त्याच्याही आधी, 1940 च्या आसपास, कॅलिफोर्नियातल्या लिंबू-संत्री बागायतदारांच्या संघानं जाहिराती केल्या होत्या, की सकाळी उठल्या उठल्या पाण्यात लिंबू पिळून घ्या, पोट साफ राहील. लिंबं फार पिकली की आरोग्य सुधारतं, हा शेतमालाचा नियम जुना आहे. लोकांनी घ्यायला सुरुवात केली. पोटं साफ झाली की नाही ठाऊक नाही. पण 1947 मध्ये मेयो क्लिनिकचे स्टॅफ्ने आणि लव्हस्टेड यांनी अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. विषय होता, लिंबाच्या रसानं आणि तशाच आंबट पेयांनी विरघळलेले दात. म्हणजे आपण ज्याला नवा शोध समजून घाटावर फ्लास्कात नेतो, त्याचा निकाल तिकडं देश स्वतंत्र होण्याच्या वर्षी लागून गेला होता. आपला देश, म्हणतोय मी.

आता आमचे तात्या. एसटीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. गाडी वेळेवर सुटली पाहिजे आणि पोटही वेळेवर साफ झालं पाहिजे. त्यांचं लिंबूपाणी बरीच वर्षं चाललेलं. नियमही पक्के आहेत: बाशा तोंडानं, कोमट, बसून, घोट घोट आणि मग दात घासायचे. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्या देखत आइस्क्रीमचा चमचा तोंडात घातला आणि पायावर विंचू चढल्यासारखे उठले. "दात लई शिवशिवत्यात," म्हणाले. मी म्हटलं, दाखवून या. तर म्हणाले, "दाखवायचं काय? किडलेला एक न्हाई."

हे मात्र त्यांचं खरं होतं. दंतवैद्य बाईंनी तोंडात आरसा घातला, बघितलं, आणि कीड कुठं आहे हे सांगायच्या ऐवजी विचारलं, "काका, सकाळी उठल्यावर पोटात पहिलं काय जातं?" तात्यांना वाटलं, बाई कौतुक करणार. त्यांनी छाती काढून सगळी कृती सांगितली. बाईंनी मान हलवली. त्या हलवण्यात कौतुक नव्हतं.

त्यांनी आरशातून जे दाखवलं, ते मलाही बघायला मिळालं, कारण तात्या एकटे डॉक्टरकडं जात नाहीत. वरच्या पुढच्या दातांवर एक गुळगुळीत चकाकी होती, घासून पॉलिश केलेल्या फरशीसारखी नव्हे, ओल्या साबणाच्या वडीसारखी. दातांच्या बारीक रेघा, उंचवटे सगळे पुसलेले. कडा इतक्या पातळ, की मागून दिवा धरला तर उजेड आरपार दिसावा. मधे पिवळसर झाक. तात्यांना वाटायचं ती चहाची. ती चहाची नव्हती. वरचा पांढरा थर झिजला की आतलं पिवळं डेंटिन डोकावतं, ते रंगाचं कारण. दाढांच्या टोकांवर मिरीच्या दाण्याएवढे खळगे पडलेले. आणि सगळ्यात बोलकं म्हणजे, एका दाढेत फार जुनी चांदी भरलेली होती, ती आता दाढेच्या वर बेटासारखी उभी होती. चांदी वर आली नव्हती. भोवतालची दाढ खाली गेली होती.

बाई म्हणाल्या, "ही कीड नाही, झीज आहे. किडीत जंतू साखर खाऊन आम्ल करतात, एका जागी भोक पाडतात. इथं आम्ल तुम्हीच बाहेरून आणून देताय, त्यामुळं भोक नाही, सगळीकडून सारखं." मग त्यांनी वरच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू बघितली. ती बरीच शाबूत होती. त्या म्हणाल्या, "पित्त वर येत असतं किंवा उलट्या होत असत्या, तर पहिला मार आतून बसला असता. तुमचा बाहेरून बसलाय. म्हणजे पेयाचाच."

आता हे का होतं, ते जरा सावकाश बघू. फॉरवर्डमध्ये न बसणारी गोष्ट आहे.

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल, शास्त्रीय मराठीत दंतवल्क. वजनाच्या हिशेबानं त्यात शेकडा 96 भाग खनिज असतं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ तोच. पण एक अडचण आहे, की त्याला आम्ल सोसत नाही. आंबटपणा मोजायची पट्टी म्हणजे पीएच. 7 म्हणजे साधं पाणी, त्याखाली आंबट, आणि प्रत्येक एक घर खाली उतरलं की आंबटपणा दहापट. तोंडातला पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज सुटायला लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 2.5.

"पण मी कुठं रस पितो? ग्लासभर पाण्यात अर्धं लिंबू," हा तात्यांचा बचाव. सगळ्यांचाच असतो. म्हणून हिशेब करू. अर्ध्या कागदी लिंबाचा रस निघतो दोन चमचे, दहा मिलीच्या आसपास. त्यात सायट्रिक आम्ल साधारण अर्धा ग्रॅम. ते 200 मिली पाण्यात गेलं, म्हणजे रस वीसपट पातळ झाला. आपल्याला वाटतं आंबटपणाही वीसपट उतरला असेल. पण पीएच फार तर अडीचच्या वर, पावणेतीनच्या आसपास सरकतो. कारण सायट्रिक आम्ल मुळात कंजूष आहे. घट्ट रसात ते स्वतःजवळचं आम्ल सगळं मोकळं करत नाही, थोडंच सोडतं. पाणी घातलं, की उरलेलं सोडायला लागतं. जिभेला पाणी बेताचं लागतं, दाताला मात्र ते सुरक्षित रेषेच्या पाचशेपट आंबट असतं. त्यात सायट्रिक आम्लाचं आणखी एक अंग आहे. ते नुसतं आम्ल नाही, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. म्हणजे आधी दार फोडायचं आणि मग माल खांद्यावर टाकून न्यायचा, अशी दुहेरी कामगिरी.

पातळ केल्याचा फायदा अजिबात नाही असं मात्र नाही. एकूण आम्ल कमी असतं, म्हणून लाळेला ते लवकर आवरता येतं. लाळेत बायकार्बोनेट असतं, ते आम्ल मारतं, आणि कॅल्शियम-फॉस्फेटही असतं, ते मऊ पडलेल्या थरात थोडंफार परत बसतं. आंबट लागलं की तोंडाला पाणी सुटतं, ते याच बचावासाठी. एक घोट घेतला, गिळला, तर काही मिनिटांत लाळ तोंड परत ताळ्यावर आणते. तेव्हा कधीतरी उन्हातून येऊन घटाघट सरबत प्यायलेल्याचं काहीही बिघडत नाही.

आता तात्यांचा विधी या लाळेच्या बाजूनं बघा. एकेक नियम जणू दात विरघळवायच्या प्रयोगशाळेतून आणलाय.

बाशा तोंडानं घ्यायचं. झोपेत लाळ जवळजवळ बंद असते, म्हणून तर उठल्यावर तोंड चिकट आणि कोरडं लागतं. म्हणजे पहारेकरी अजून आलेला नसताना दरवाजा उघडायचा. तात्यांना रक्तदाबाची गोळी आहे, समोर बसणाऱ्या अण्णांना ॲलर्जीची. अशा बऱ्याच गोळ्यांनी लाळ आणखी कमी होते. वयानं घाटावर बसणारे बहुतेक जण कुठली ना कुठली गोळी घेऊनच बसलेले असतात.

कोमट घ्यायचं. थंड आंबटापेक्षा गरम आंबट इनॅमल जास्त झिजवतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. तोंडात ते लवकर निवतं, म्हणून हा मुद्दा फार ताणत नाही.

पण घोट घोट घ्यायचं, हा खरा घातक नियम. पाणी बसून, सावकाश, तोंडात घोळवून प्यावं, असं सांगणारे सांगतात, आणि साध्या पाण्याला ते लागू असेलही. लिंबूपाण्याला लावलं की काय होतं? पहिला घोट, लाळ कामाला लागते, पीएच वर यायला लागतो. तोवर दुसरा घोट. परत खाली. मग मोदींनी काय केलं पाहिजे यावर दोन मिनिटं चर्चा. मग तिसरा. ग्लास संपेस्तोवर अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास दात आंबटात भिजत असतात. तेच पाणी दोन मिनिटांत पोटात घातलं असतं, तर मारही दोन-चार मिनिटांचाच झाला असता. किती प्यायलं यापेक्षा किती वेळ प्यायलं, हे दाताला जास्त लागतं.

आणि शेवटी, दात घासायचे. आम्लानं इनॅमलचा अगदी वरचा थर मऊ झालेला असतो, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. सोडून दिलं तर लाळ त्यातला काही भाग परत घट्ट करते. पण आपण घाटावरून घरी येतो आणि कडक ब्रश घेऊन तो मऊ थर खरवडून बेसिनमध्ये सोडतो. ब्रशवाले त्यातल्या त्यात बरे. ज्या घरांत अजून खरखरीत मंजन, राखुंडी किंवा मशेरी चालते, तिथं तर आधी भिजवायचं आणि मग वाळू लावून घासायचं, असा प्रकार होतो. एका दिवसात काही दिसत नाही. वर्षानुवर्षांनी चांदी वर आलेली दिसते.

फिनलंडमध्ये 1991 साली एक अभ्यास झाला होता. दात झिजलेले शंभरेक लोक आणि न झिजलेले तितकेच, यांच्या खाण्यापिण्याची तुलना केली. दिवसातून दोनपेक्षा जास्त वेळा लिंबूवर्गी फळं घेणाऱ्यांत झिजेचा धोका 37 पट निघाला. ते फळांचं, आणि दिवसातून अनेकदा घेणाऱ्यांचं. एक ग्लासवाल्यांनी तो आकडा स्वतःला चिकटवून घ्यायचं कारण नाही. दिशा मात्र कळते.

तात्यांच्या घरी या विषयावर एक जाणकार आधीपासून होती, पण तिला विचारतो कोण? तात्या रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवायचे आणि सकाळी लिंबू थेट त्यातच पिळायचे. काकू सुरुवातीपासून सांगत होत्या, "अहो, त्यात आंबट घालू नका, कळकेल." ज्या बाईनं आयुष्यभर ताक, चिंच, लिंबू बिनकल्हईच्या भांड्याला लागू दिलं नाही, तिला आम्लाचं रसायनशास्त्र शिकवायची गरज नव्हती. आंबट लागलं की तांबं विरघळतं, आणि असं कळकलेलं पोटात गेलं की मळमळ, उलटी. लिंबाच्या फोडीनं देवाचा तांब्या लख्ख होतो, तो याचमुळं: वरचा थर लिंबू खाऊन टाकतं. तात्यांना तेवढाच भाग आवडला होता. "बघ, तांब्या कसा निघतो, तसंच लिव्हर निघतं." लिव्हर काही फडताळावर ठेवलेलं नसतं, आणि लिंबू त्याच्यापर्यंत लिंबू म्हणून पोचतही नाही. तो लख्खपणा वाटेत मिळाला दातांना. इनॅमल ही दाताची कल्हई. फरक इतकाच, की भांड्याची उडाली तर कल्हईवाला गाठता येतो. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपलेल्या असतात. नंतर शरीराला ते नव्यानं करता येत नाही. वरून भरता येतं, कॅप बसवता येते, आणि त्याचं बिल बघून टॉक्सिन्स आपोआप बाहेर येतात, घामावाटे.

दात शिवशिवतात म्हणून जी खास टूथपेस्ट मिळते, तिचं काय? तात्या ती महिनाभर आधीच लावत होते. अशा बऱ्याच पेस्टमध्ये पोटॅशियम नायट्रेट असतं. ते दाताच्या नसेला गप्प करतं. दुखणं थांबलं, म्हणून तात्यांनी लिंबूपाणी दुप्पट निर्धास्तपणे चालू ठेवलं. घंटा काढून ठेवली आणि चोर आत.

आता लिंबाच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर आमच्याकडच्या बागायतदारांना वाटायचं मी त्यांच्या मालावर उठलोय. "लिंबू पोटात गेलं की अल्कली होतं" हे वाक्य घाटावर रोज ऐकू येतं आणि त्यात चिमूटभर तथ्य आहे. सायट्रेट शरीरात जाळलं जातं आणि त्यातून बायकार्बोनेट तयार होतं, त्यानं लघवीचा आंबटपणा कमी होतो. रक्ताचा होत नाही. रक्त 7.35 ते 7.45 या अरुंद पट्टीत फुप्फुसं आणि किडन्या धरून ठेवतात. तिथं लिंबाला विचारत कोणी नाही. पण लघवीत सायट्रेट वाढलं, तर काही प्रकारचे मुतखडे व्हायचं प्रमाण कमी होऊ शकतं, आणि ज्यांच्या लघवीत सायट्रेट कमी आहे त्यांना डॉक्टर लिंबाचा रस सुचवतातही. 1996 च्या एका अमेरिकी अभ्यासात अशा रुग्णांना दिवसाला साधारण 120 मिली रस, दोन लिटर पाण्यात मिसळून दिला होता. तात्यांच्या दहा मिलीच्या बारा पट. त्या रुग्णांना खडे होते, कारण होतं, डॉक्टर होता. आपल्याकडं फक्त ग्रुप आहे.

आणखी एक जुना उपकार आहे लिंबाचा. 1747 मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं स्कर्व्ही झालेल्या खलाशांना संत्री-लिंबू देऊन उभं केलं. हिरड्या सडून दात गळत होते, ते थांबलं. क जीवनसत्त्वाची किमया. तेव्हा दातांचं भलं लिंबानंच केलेलं आहे. पण त्या खलाशांच्या पोटात महिनोन् महिने ताजं काही गेलेलं नव्हतं. तात्यांच्या घरी पेरू, आवळा, कोबी, टोमॅटो सगळं असतं. दोन चमचे रसातून मिळतात पाचेक मिलिग्रॅम. आवळ्याच्या एका फोडीपुढं ते जमेला धरायचं कारण नाही.

मग लोकांना बरं वाटतं ते? वाटतं, आणि ते खोटं नाही. रात्रभर कोरड्या शरीराला ग्लासभर पाणी मिळतं. रिकाम्या पोटात कोमट काही गेलं की आतडं जागं होतं आणि पोट साफ होतं. शिवाय लिंबूपाण्याच्या नादात सकाळचा तो पहिला, दोन चमचे साखरेचा चहा सुटतो. एवढं सगळं नुसत्या पाण्यानंही झालं असतं. पण नुसत्या पाण्याचं कौतुक कोण करणार? ते तर नळाला येतं, धोम धरणाचं. त्याला लेबल नाही.

दंतवैद्य बाईंनी तात्यांना लिंबू सोडायला सांगितलंच नाही, ही त्यांची हुशारी. सोडायला सांगितलं असतं, तर तात्यांनी डॉक्टर सोडला असता. त्या म्हणाल्या, लिंबू पोह्यांवर पिळा, वरणभातावर पिळा. जेवताना लाळ भरपूर असते, तिथं त्याचा उपद्रव नाही. सकाळी प्यायचंच असेल तर एका दमात प्या, तोंडात घोळवू नका, गप्पा मारत घोट घेत बसू नका. वर लगेच साध्या पाण्याची चूळ भरा. दात घासायचे ते निदान अर्धा तास थांबून, मऊ ब्रशनं, फ्लोराइडच्या पेस्टनं. अर्ध्या तासानं सगळं पूर्ववत होतं असं नाही, त्याबद्दल दंतवैद्यांतही वाद आहेत, पण लगेच खरवडण्यापेक्षा बरं. मध घालू नका. मधानं आंबट मरत नाही, फक्त कळत नाही, आणि वर किडीच्या जंतूंची न्याहारी होते. आणि फारच जीव अडकला असेल, तर स्ट्रॉ वापरा. ती दातांच्या मागं, जिभेवर सुटेल अशी धरा, म्हणजे पाणी पुढच्या दातांना चाटून जाणार नाही.

तात्यांनी यातलं काय घेतलं? चूळ आठवणीत राहिली नाही. अर्धा तास थांबायला वेळ नाही, कारण सातला पेपर येतो. पोह्यांवर ते आधीपासूनच पिळत होते. राहिली ती स्ट्रॉ. सुनेनं स्टीलची आणून दिली, फ्लास्कात बसेल अशी वाकडी. पहिल्या दिवशी घाटावर लोक हसले. दुसऱ्या दिवशी विचारू लागले. तात्या डॉक्टरचं नाव घ्यायला लाजतात, म्हणून नुसतं म्हणाले, "त्याचं कारण हाय."

परवा ग्रुपवर मेसेज आला, खाली गुलाबाचं फूल, दहा जणांना पाठवा असा आदेश: लिंबूपाणी कधीही तोंडानं थेट पिऊ नये, स्टीलच्या वाकड्या नळीतून घेतल्यास रस थेट लिव्हरला लागतो.